बीजीएमआय, दार आपटणं आणि घसरलेले मार्क

प्रश्न: आम्ही घणसोलीला राहतो, मुलगा नववीत. दिवसरात्र बीजीएमआय ही बंदुकीची मोबाईल गेम चालू असते. मार्क 81 टक्क्यांवरून 66 वर आलेत. मोबाईल काढून घेतला की दार आपटतो, परवा तर धाकट्या बहिणीवर हात उगारला. टीचर म्हणतात मारामारीच्या गेमनी मुलं हिंसक होतात आणि अभ्यासातून उठतात. मिस्टर म्हणतात गेम कायमची उडवून टाक. संशोधन खरंच काय सांगतं?

उत्तर:

ताई, मी ठाण्यात शाळकरी मुलांचं समुपदेशन करते आणि बीजीएमआय आल्यापासून, म्हणजे त्याआधी पबजी होतं तेव्हापासूनच, हा प्रश्न जवळपास ह्याच शब्दात येतो. तुमच्या टीचरनी दोन गोष्टी एका दमात सांगितल्यात, हिंसा आणि मार्क. त्या आधी वेगळ्या करू, कारण संशोधनात दोघींची उत्तरं अगदी वेगवेगळी आहेत. थोडक्यात, गेममधे बंदूक आहे ह्याची काळजी जरा कमी करा आणि गेम दिवसातले कुठले तास खाते त्याची जरा जास्त करा.

आधी हिंसा. 1999 मधे अमेरिकेत कोलंबाईनच्या शाळेत गोळीबार झाला, गोळ्या झाडणारी मुलं डूम ही बंदुकीची गेम खेळायची असं बाहेर आलं आणि तेव्हापासून हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. लगेच पुढच्या वर्षी एक प्रयोग खूप गाजला. कॉलेजच्या मुलांना दोन गटात गेम दिल्या, काहींना वुल्फेनस्टाईन (गोळ्या घालायची) आणि काहींना मिस्ट (शांतपणे कोडी सोडवायची), आणि नंतर समोरच्या स्पर्धकाला कर्कश आवाज ऐकवायचं बटण दिलं. बंदुकीची गेम खेळलेल्यांनी बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं. बस, एवढंच. ह्याला आक्रमकता मोजली असं म्हटलं गेलं आणि बातम्यांमधे ते 'गेममुळे हिंसा' होऊन आलं. आता तुम्हीच बघा, बटण सेकंदाच्या काही भागाइतकं जास्त दाबणं आणि कोणाला मारणं ह्यात किती अंतर आहे. शिवाय त्या दोन गेममधे फक्त रक्ताचा फरक नव्हता, एक वेगवान, सतत अंगावर येणारी आणि दुसरी संथ, मग फरक नेमका कशामुळे पडला ते कसं कळणार?

नंतर जास्त चांगले अभ्यास झाले, ज्यात मुलांना वर्षभर किंवा जास्त काळ फॉलो केलं. 2018 मधे अशा 24 अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं गेलं, एकूण 17,000 च्या वर मुलं होती, आणि हे करणारे संशोधक गेमचा परिणाम होतो असं मानणाऱ्या बाजूचेच होते. त्यांनाही परिणाम सापडला तो छोटा. साध्या भाषेत, मुलामुलांमधे आक्रमकपणाचा जो फरक असतो त्यातला जेमतेम एक टक्का. आणि आक्रमकपणा म्हणजे तिथेही शाळेत ढकलाढकली, मारामारी केली म्हणून मुख्याध्यापकांकडे जावं लागलं अशा पातळीचा. 2019 मधे ऑक्सफर्डच्या लोकांनी 14-15 वर्षांच्या 1,004 ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. त्यात दोन गोष्टी चांगल्या होत्या. कुठली गेम हिंसक हे मुलांना न विचारता अधिकृत वयाच्या रेटिंगवरून ठरवलं आणि मूल कसं वागतं हे आईवडलांना विचारलं, शिवाय आकडेमोड कशी करणार हे आधीच जाहीर करून टाकलं म्हणजे नंतर सोयीचं ते उचलायची सोय नाही. काहीच संबंध दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनी 2020 मधे स्वतःचा जुना ठराव बदलून हेच सांगितलं की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी छोटा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही.

म्हणजे वाद अजून मिटलेला नाही, पण तो 'शून्य की अगदी थोडं' असा आहे, 'थोडं की भयंकर' असा नाही.

मग तुमचा मुलगा दार का आपटतो? इथे मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो 2014 चा एक अभ्यास, ज्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यात एका प्रयोगात टेट्रिस होती हो, ठोकळे रचायची, जिच्यात थेंबभर रक्त नाही. लोकांना आधी थंडगार पाण्यात हात 25 सेकंद धरायला लावला, मग काहींना साधी टेट्रिस दिली आणि काहींना मुद्दाम अवघड करून ठेवलेली. शेवटी विचारलं, पुढच्या माणसानी हात किती वेळ पाण्यात ठेवायचा? अवघड टेट्रिसवाल्यांनी सरासरी 10 सेकंद जास्त सांगितले. दुसऱ्या एका प्रयोगात हाफ-लाईफ 2 ही बंदुकीची गेम घेतली आणि तिची एक बिनहिंसेची आवृत्ती बनवली, शत्रूला टॅग केलं की तो नुसता विरून जातो. तिथेही राग वाढला तो कंट्रोल नीट न शिकवता खेळायला बसवलेल्यांचा, गेम हिंसक असो नसो. हातातलं काम जमत नाही, मधेच तुटतं, हरतो, ह्याचा तो राग.

आता हे तुमच्या घरात आणून बघा. बीजीएमआयची क्लासिक मॅच साधारण अर्ध्या तासाची. त्यात पॉज नाही. बरोबर तीन मित्र स्क्वाडमधे आहेत आणि शेवटचं सर्कल चालू असताना तुम्ही फोन ओढून घेतलात तर तो एकटा हरत नाही, तिघांना तोंडघशी पाडून निघतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमधे ते तिघं त्याला सोडत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गेमनी हिंसक केला. मी पालकांना पहिला प्रश्न हाच विचारते की फोन कितव्या मिनिटाला घेतलात? बहुतेकांना माहीतच नसतं की मिनिटं असतात. बहिणीवर हात उगारणं मात्र चालवून घ्यायचं नाही, त्याचा परिणाम त्याला भोगायला लावा, उद्याची मॅच बंद म्हणजे बंद. पण त्याच्याशी भांडताना 'ती गेम तुला गुंड बनवतेय' हे वाक्य नको, कारण ते खरं नाही हे त्यालाही माहिती आहे, त्याचे चाळीस वर्गमित्र तीच गेम खेळतात. एकदा तुमचं एक वाक्य खोटं ठरलं की पुढचं खरं वाक्यही तो ऐकत नाही.

आणि खरं वाक्य आहे मार्कांचं.

इथे पुरावा जास्त पक्का आहे. 2010 मधे अमेरिकेत एक छान प्रयोग झाला. 6 ते 9 वर्षांची 64 मुलं (सगळे मुलगे) घेतली, ज्यांच्या घरी गेमचं कन्सोल नव्हतं पण आईवडील घेणारच होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला प्लेस्टेशन लगेच दिलं आणि दुसऱ्याला चार महिन्यांनी. चार महिन्यांनी सगळ्यांची चाचणी घेतली तर ज्यांना आधी मिळालं त्यांचे वाचन-लेखनाचे गुण मागे पडलेले आणि शिक्षकांच्याही तक्रारी जास्त. गणितात म्हणावा असा फरक नाही. त्यांना दिलेल्या गेम लहान मुलांसाठीच्याच होत्या, त्यामुळे रक्तपाताचा प्रश्नच नव्हता. शाळेतून आल्यावरचा जो वेळ आधी गृहपाठात, पुस्तकात जायचा तो प्लेस्टेशनकडे गेला, एवढं साधं. मुलं लहान आहेत, संख्या कमी आहे, हे धरूनही मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण इथे 'आळशी मुलंच गेम खेळतात' ही पळवाट उरत नाही, गट नशिबानी पाडलेत. मोठ्या मुलांच्या पाहण्यांमधेही असंच दिसतं. 2007 च्या एका अमेरिकन पाहणीत गेम खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांचा वाचनाचा वेळ न खेळणाऱ्यांपेक्षा 30 टक्के आणि गृहपाठाचा 34 टक्के कमी होता.

एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मानपाड्याचा मुलगा, नववी, सकाळची शाळा. आईवडलांची तक्रार 'दिवसभर गेम'. मी नेहमी करते तसा दोन आठवड्यांचा लॉग ठेवायला सांगितला, फोनमधल्या स्क्रीन टाईमच्या आकड्यांसकट. दिवसभर वगैरे काही नव्हतं. सोमवार ते शुक्रवार रात्री 10:40 ते 12:50, शनिवार-रविवार प्रत्येकी चारेक तास, आठवड्याचे मिळून एकोणीस-वीस तास. रात्रीच का? तर स्क्वाडमधल्या दोघांचा क्लास साडेआठला सुटायचा, मग जेवणं, मग आईवडील झोपायला गेले की सगळे ऑनलाईन. झोप लागायला सव्वा वाजायचा आणि पावणेसहाला उठायचं, म्हणजे रात्रीची झोप साडेचार तास. दुपारी दीड तास डुलकी धरून सहा. ह्या वयाला झोप लागते 8 ते 10 तास. पहिल्या दोन तासिकांना पोरगा नुसता बसलेला असायचा. अजून एक गंमत लॉगमधे निघाली, 9 ते साडेदहा हा जो वेळ आठवीत असताना घरी वाचायचा होता तो गेमनी घेतलाच नव्हता, तो रील्सनी घेतला होता. आईवडील भांडत होते गेमशी.

आता मार्क. टोटल बघून काही कळत नाही म्हणून मी विषयवार मागते. गणित 74 वरून 70, विज्ञान 72 वरून 66, पण इतिहास-भूगोल 78 वरून 52 आणि मराठी 80 वरून 61. कारण सरळ होतं, गणित-विज्ञानाला क्लास होता, तिथे तो हजर असायचा, कोणीतरी करून घ्यायचं. इतिहास-भूगोल आणि भाषा घरी बसून वाचायचे विषय, घरचे तासच गेले तर हेच विषय आधी बुडणार. सगळे विषय सारखे घसरले असते किंवा गणितच कोसळलं असतं तर मी वेगळं कारण शोधलं असतं, चष्मा, वर्गातली दादागिरी, घरातलं काही, नाहीतर क्लास बदललेला.

उपाय काय केला? गेम उडवली नाही. वेळ सरकवली. आईनी स्क्वाडमधल्या बाकी तिघांच्या आयांचा व्हॉट्सॅप ग्रुप केला (हे सोप्पं नव्हतं, एका बाईंनी साफ नाही म्हटलं आणि तो मुलगा स्क्वाडमधून गळला) आणि ठरलं की साडेआठला क्लास सुटून सगळे घरी आले की पावणेनऊ ते पावणेदहा दोन मॅच. तास नाही, मॅच. 'एक तास' म्हटलं की 59 व्या मिनिटाला नवीन मॅच सुरू होते आणि भांडण ठरलेलं, 'दोन मॅच' म्हटलं की दुसरी संपली की संपलं, आणि दुसरी लांबली तर दहा मिनिटं सोडून द्यायची. दहाला घरातले सगळे फोन हॉलमधल्या चार्जिंगला, वडलांचासुद्धा, ह्याच्यावर वडील सगळ्यात जास्त कुरकुरले. रील्सचं ॲप शाळेच्या दिवशी बंद, आणि साडेसात ते साडेआठ मराठी, इतिहास-भूगोल. पहिल्या पंधरवड्यात दोनदा चादरीखाली जुना फोन सापडला, तेवढं धरून चालायचं. झोप सात-सव्वासातवर गेली. सहामाहीत इतिहास-भूगोल 67, मराठी 71. गणित-विज्ञान होतं तिथेच राहिलं. विज्ञानाचं दुखणं वेगळंच निघालं, त्याला क्लासचे सर समजत नव्हते, ते गेमशी काही देणंघेणं नसलेलं.

ह्या केसवरून सगळ्यांना तेच लागू होईल असं नाही, उलटाही प्रवास असतो. काही मुलांचे मार्क आधी पडतात आणि गेम नंतर वाढते. इंग्लिश मिडियममधे टाकलेला, वर्गात मागे पडलेला मुलगा, ज्याला शाळेत कोणी विचारत नाही आणि गेममधे मात्र त्याची रँक बघून लोक रिक्वेस्ट पाठवतात, तो तिथे जाणारच ना. ओळखायचं कसं, तर तारखा लावा. फोन कधी आला, बीजीएमआय कधी टाकली आणि मार्क कुठल्या परीक्षेपासून उतरले. मार्क आधी उतरले असतील तर गेम काढून काही होणार नाही, उलट त्याची एकमेव जमणारी गोष्ट जाईल.

मिस्टरांचं 'कायमची उडवून टाक' मी समजू शकते, पण हा प्रयोग देशपातळीवर होऊन गेलाय. मार्च 2019 मधे राजकोटला पबजीवर बंदी आली, खेळणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरलं. सप्टेंबर 2020 मधे तर पूर्ण देशात बंद झाली. माझ्याकडची मुलं आठवडाभरात फ्री फायर आणि कॉल ऑफ ड्यूटीवर गेलेली, झोपेची वेळ तीच. रिकामा झालेला तास आपण भरला नाही तर तो दुसरं कोणीतरी भरतं. आणि एक तपासा, बीजीएमआय आली तेव्हा 18 च्या खालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आणि पालकांची परवानगी ठेवलेली होती, पण बहुतेक मुलं बाबांचा नंबर आणि बाबांचं वय टाकून आत असतात. तुमच्या घरी ओटीपी कोणी दिला ते विचारून बघा, मिस्टरांनीच दिला असेल तर आश्चर्य नाही.

उलट टोकाचं जे ऐकू येतं, की गेमनी मेंदू तल्लख होतो, त्याच्यावर फार विसंबू नका. वेगवान ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचं नजर फिरवून लक्ष ठेवणं प्रयोगशाळेतल्या चाचण्यात बरं निघतं, पण ते भूगोलाच्या पेपरात उतरतं असं काही दिसलेलं नाही.

कधी घाबरायचं तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मधे गेमिंग डिसऑर्डर नावाचं निदान आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळणं आवरता येत नाही, बाकी सगळ्याच्या वर गेम, नुकसान दिसत असूनही चालूच, ह्या तिन्ही गोष्टी, त्यामुळे आयुष्य खरंच विस्कटलेलं, आणि साधारण 12 महिने. तासांचा आकडा त्यात नाही. सुट्टीत पाच तास खेळणारा मुलगा आजारी नसतो. पण क्रिकेट सुटलं, सोसायटीतले मित्र सुटले, जेवण खोलीत, आंघोळ टाळणं, शाळेला दांड्या, हे दिसलं तर लॉगच्या खटपटीत वेळ घालवू नका. पैशांकडेही बघा, यूसी म्हणजे गेममधलं चलन घेण्यासाठी यूपीआयमधून गुपचूप रकमा जातायत का. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मारहाण वाढली, स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तुमचं प्रकरण झोपेचं आणि घरच्या तासांचं वाटतंय, पण लॉगशिवाय मी ठाम सांगणार नाही. चौदा दिवस फक्त चार गोष्टी लिहा, गेम किती ते किती, बाकी स्क्रीन किती, डोळे मिटले कधी, उठला कधी. त्याला सांगून लिहा, लपून नको, आणि हे चौदा दिवस काहीही बंद करू नका नाहीतर खरा आकडा मिळणार नाही. सोबत आठवीची वार्षिक आणि आत्ताची परीक्षा, विषयवार मार्क, आणि फोन हातात आल्याची तारीख. एवढं इथे टाका, मग पुढे काय सरकवायचं ते बघू.